लेखांक नववा : अमोनियाचा वर्ग आणि क्लोराईडचा वाटा

हायपोचे प्रकरण या आठवड्यास घेण्याचे मी कबूल केले होते. परंतु मागील लेखांक वाचून एका चिकित्सक वाचकाने अशी काही मार्मिक शंका लिहून पाठविली आहे की, तिचा खुलासा झाल्यावाचून पुढे जाणे प्रशस्त वाटत नाही, आणि म्हणून हायपो तूर्त तहकूब. ते विचारतात : रौप्य आयनाभोवती अमोनियाचे दोन रेणू जडतात, म्हणजे समीकरणात अमोनियाचा वर्ग येतो; मग अमोनिया दुप्पट केला असता सिल्व्हर क्लोराईड चौपट विरघळावयास हवे, आणि तुम्ही तर ते दुप्पटच विरघळते असे म्हणता, हे कसे?

क्षार विरघळण्याची आणि जटिल आयन बनण्याची अशा दोन अभिक्रियांची बेरीज केली की मधला मोकळा रौप्य आयन उभय बाजूंतून वजा होतो आणि पुढील समीकरण हाती येते :

AgCl + 2NH₃ ⇌ [Ag(NH₃)₂]⁺ + Cl⁻

अभिक्रियांची बेरीज होते तेथे स्थिरांकांचा गुणाकार होतो. म्हणून विद्राव्यता गुणाकार १.८ × १०⁻¹⁰ आणि जटिल आयनाचा स्थैर्यांक १.७ × १०⁷ यांना गुणून सुमारे ०.००३१ हा संयुक्त स्थिरांक मिळतो. आता समीकरणाच्या उजव्या बाजूकडे नीट पाहावे. तेथे जटिल आयन एकटा नाही. जितका रौप्य विरघळला तितकाच क्लोराईडही मोकळा झाला आहे, आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे विद्राव्यतेचाही वर्गच होय. वर्गास वर्ग भिडला, दोहोंकडून वर्गमूळ काढले, आणि शिल्लक राहिले ते एवढेच की, विद्राव्यता ही मोकळ्या अमोनियाच्या ०.०५५ पट असते. प्रत्येक रौप्य आयनामागे अमोनियाचे दोन रेणू खर्ची पडतात, हेही हिशेबात धरले, म्हणजे लिटरास १ मोल अमोनियात ०.०५ मोल, सुमारे सात ग्रॅम, सिल्व्हर क्लोराईड विरघळते आणि २ मोल अमोनियात ०.१ मोल. निव्वळ पाण्यात हेच लिटरास दोन मिलिग्रॅमही विरघळत नाही.

तथापि पत्रलेखकांची चौपट सर्वस्वी निराधार नाही. द्रावणात बाहेरून मीठ घालून क्लोराईड लिटरास १ मोल इतका आधीच ठेवला, तर विरघळणाऱ्या क्षाराने त्यात पडणारी भर नगण्य ठरते, उजवीकडचा वर्ग नाहीसा होतो, आणि १ मोल अमोनियातील ०.००३ मोल ही विद्राव्यता २ मोल अमोनियात ०.०१२ च्या आसपास जाते; अर्थात चौपट, परंतु फारच तुटपुंज्या भांडवलाची चौपट. क्षारपरीक्षेत साका बसल्यावर वरचे पाणी ओतून टाकावे, असे जे सांगितले जाते, त्याचे मर्म यात आहे : त्या पाण्यात उरलेला क्लोराईड विरघळण्यास अडसर घालतो, शिवाय पाणी अमोनियाला पातळ करते ते निराळेच.

क्षारपरीक्षेचा विषय निघालाच आहे, तर प्रयोगशाळेत हटकून होणारा एक घोटाळाही येथेच निस्तरू. समजा, १ मिलिलिटर दशांश-मोलर सिल्व्हर नायट्रेटपासून मिळालेला साका आपण २ मिलिलिटर अमोनियात घेतला. अमोनिया २ मोलर असेल तर क्लोराईडचा साका पुरता विरघळतो व तरीही निम्मी क्षमता शिल्लक राहते. ब्रोमाईडचा मात्र जेमतेम अष्टमांश विरघळतो, कारण त्याचा विद्राव्यता गुणाकार ५ × १०⁻¹³ इतकाच आहे आणि ०.०५५ च्या जागी तेथे ०.००२९ येते. हाच प्रयोग बाटलीतील तीव्र, म्हणजे सुमारे १५ मोलर, अमोनियाने केला की ब्रोमाईडही बहुतांश दिसेनासा होतो आणि विद्यार्थी वहीत बिनदिक्कत ‘क्लोराईड’ लिहून मोकळा होतो. तेव्हा क्लोराईड व ब्रोमाईड यांचा निवाडा विरल अमोनियानेच करावा. आयोडाईडच्या बाबतीत मात्र असा संभ्रम नाही. तीव्र अमोनियातही त्याचा शंभरावा हिस्सा विरघळला तर विरघळला.

शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७७७ साली उन्हात काळवंडलेल्या सिल्व्हर क्लोराईडवर अमोनिया घातला, तेव्हा न काळवंडलेला भाग विरघळला आणि काळा भाग, जो निखळ रौप्य होता, तसाच राहिला. छायाचित्र कायम करण्याची युक्ती जवळजवळ हातात येऊन निसटली, असे माझे मत आहे. पण ते हायपोच्या प्रकरणात.

वरील क्षारपरीक्षा करून पाहणाऱ्यांस मात्र एक आग्रहाची विनंती. रौप्ययुक्त अमोनियाचे द्रावण पुढच्या दिवसासाठी मुळीच राखून ठेवू नये. ते नुसते राहू दिले तर त्यातून अत्यंत स्फोटक असा काळा पदार्थ तयार होऊ शकतो. काम आटोपताच त्यात द्रावण आम्ल होईपर्यंत विरल नायट्रिक आम्ल घालावे. अमोनिया आम्लाच्या स्वाधीन होतो, जटिल आयन मोडतो, पांढरा साका पुन्हा दिसू लागतो, आणि क्लोराईडची खात्रीही त्याच वेळी पटते.