पहिल्या भेटीत गप्पा अडतात तेव्हा

भेट संध्याकाळी सहाची असते, पण लाजऱ्या माणसाची धडधड दुपारपासूनच सुरू होते. शर्ट दोनदा बदलून होतो, बोलायची वाक्यं मनात घोटून होतात. त्यात मित्र सांगतात, ‘अरे, शांत हो!’ नेमकं तेच जमत नसतं.

हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली या सल्ल्याचीच परीक्षा घेतली. भाषणापूर्वी काहींनी ‘मी शांत आहे’ असं म्हटलं, तर काहींनी ‘मी उत्सुक आहे’. दुसऱ्या गटाची भाषणं ऐकणाऱ्यांना अधिक पटली. भीतीत आणि उत्सुकतेत छाती सारखीच धडधडते. त्यामुळे धडधड दाबण्यापेक्षा तिला वेगळं नाव देणं सोपं जातं. फारच घाबरायला झालं, तर श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात.

खरी पंचाईत समोरासमोर बसल्यावर होते. लाजरा माणूस ऐकत असतो, पण डोक्यात आपलं पुढचं वाक्य जुळवत असतो. त्यामुळे समोरच्याच्या बोलण्यातला धागा त्याच्या हातून सुटतो. मग शांतता पसरते आणि तो अधिकच गोंधळतो.

समजा, समोरची मुलगी म्हणाली, “रविवारी आम्ही राजगडावर गेलो होतो, उतरताना पावसाने गाठलं.” ‘अरे वा!’ म्हटलं की विषय संपला. ‘तुला कुठले सिनेमे आवडतात?’ विचारलं, तर पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण “पाऊस आल्यावर मग काय केलंत?” असं विचारलं की निसरडी वाट, भिजलेले डबे, घाबरलेली मैत्रीण असं सगळं बाहेर येतं. पुढचा प्रश्न त्यातूनच सापडतो. तो घरून पाठ करून यावा लागत नाही.

ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली अमेरिकेतल्या स्पीड डेटिंगमधली संभाषणं तपासली. या भेटी चार-चार मिनिटांच्या होत्या. समोरच्याच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न विचारणाऱ्यांना पुन्हा भेटण्यासाठी अधिक होकार मिळाले होते.

मात्र नुसतेच प्रश्न विचारत सुटलं, तर भेटीचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम होतो. समोरून तुटक उत्तरं येऊ लागली, उलट प्रश्न येईनासा झाला, की हे ओळखावं. दोन प्रश्नांनंतर आपलंही काही सांगावं: “मी एकदा सिंहगडावर असाच अडकलो होतो.” मग तिलाही विचारायला काहीतरी मिळतं.

घरी परतल्यावर ‘मी किती बावळटासारखा बोललो’ असं वाटेलच. २०१८ साली एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांना असं आढळलं, की पहिल्या गप्पांनंतर आपण समोरच्याला किती आवडलो याचा लोक कमीच अंदाज बांधतात, आणि लाजऱ्यांचा अंदाज तर फारच चुकतो. तेव्हा पुन्हा भेटायचं मनात असेल, तर आपणच नकार गृहीत न धरता सरळ मेसेज करून विचारावं. भीतीपोटी सहा-सहा महिने माणसांना भेटणंच टाळलं जात असेल, तर मात्र समुपदेशकाची मदत घ्यावी.