दाखल्यातली एक चूक आणि ती कुठे दुरुस्त होते

बारावीचा निकाल लागला की तहसील आणि प्रांत कार्यालयांत, सेतू केंद्रांच्या दारांत रांगा लागतात. रांगेतल्या प्रत्येकाच्या पिशवीत कागदांची एक चळत असते आणि त्यातले दोन-तीन दाखले जुने, आधी कधीतरी काढलेले असतात. ‘हा चालेल ना?’ हा तिथला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्याचं उत्तर दाखल्यागणिक बदलतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जातीच्या दाखल्याला मुदत नसते. प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, तो एकदा देतात आणि तो आयुष्यभर राहतो. मात्र महाराष्ट्रात 2001पासून लागू असलेल्या जात प्रमाणपत्र कायद्याने त्याला एक अट घातली आहे. जात पडताळणी समितीने तपासून वैधता प्रमाणपत्र दिलं, तरच हा दाखला पक्का धरला जातो. लोक ज्याला ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात ते हेच, आणि त्यालाही मुदत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर यांचं तसं नाही. हे दोन्ही दाखले कुटुंबाच्या कमाईबद्दल बोलतात आणि कमाई दरवर्षी बदलते. म्हणून त्यांच्यावर ‘31 मार्चपर्यंत वैध’ अशी ओळ असते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एका वर्षाच्या किंवा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा मिळतो. नॉन-क्रीमीलेयरसाठी तीन वर्षांचं उत्पन्न दाखवलं तर तोही तीन वर्षांपर्यंत चालू शकतो.

या 31 मार्चने दरवर्षी अनेकांची फसगत होते. फेब्रुवारीत धावपळ करून काढलेला एका वर्षाचा उत्पन्नाचा दाखला दीड महिन्यात संपतो, कारण त्याचं वर्ष आर्थिक वर्षाबरोबर चालतं, काढल्या तारखेपासून मोजलं जात नाही. प्रवेशात याची दुसरी बाजू दिसते. राज्याच्या सीईटी प्रवेशासाठी नॉन-क्रीमीलेयर त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत वैध असावा लागतो. 2025-26च्या प्रवेशासाठी 31 मार्च 2026 ही तारीख हवी होती. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला तर त्याच वर्षीच्या 1 एप्रिलनंतर दिलेला आणि केंद्र सरकारच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. राज्याचा दाखला कितीही ताजा असला तरी तिथे चालत नाही.

मुदतीचा प्रश्न तारखा पाहून सुटतो. दाखल्यात चूक निघाली तर मात्र आधी ती कुठून आली हे शोधावं लागतं. पुढचा मार्ग त्यावर ठरतो.

एक नेहमी दिसणारा प्रकार घेऊ. इतर मागास वर्गातल्या एका मुलीचं आडनाव टिळेकर. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, सगळीकडे तेच. प्रांत कार्यालयाकडून आलेल्या जातीच्या दाखल्यावर मात्र ‘तिळेकर’. केंद्रातला ऑपरेटर इंग्रजी कळफलकावर टाइप करतो आणि संगणक त्याचं मराठी करतो. इंग्रजीत ट आणि त यांना एकच अक्षर असल्यामुळे अशी अदलाबदल सहज होते. ‘ज्ञानेश्वर’सारख्या नावाची इंग्रजी स्पेलिंगं तर दहा घरांत चार प्रकारची सापडतात. कुटुंबाला वाटतं, एका अक्षराने काय होतंय. पण पडताळणीत नाव वंशावळीशी ताडून पाहिलं जातं आणि प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेशी. दोन्हीकडे ते अडू शकतं.

अशा वेळी पहिला कागद काढायचा तो अर्जाच्या छापील प्रतीचा. ‘आपले सरकार’वर अर्ज भरला की त्याची प्रत आणि पावती मिळते. प्रतीत ‘टिळेकर’ असेल, तर चूक अर्जानंतर कार्यालयीन नोंदीत झाली. प्रतीतच ‘तिळेकर’ असेल, तर ती अर्जदाराच्या बाजूची. दुरुस्ती दोन्ही प्रसंगी मागता येते, पण पहिल्या प्रसंगी अर्जदाराची बाजू भक्कम असते. म्हणून शुल्क भरण्याआधी ऑपरेटरला अर्ज पडद्यावर दाखवायला सांगून प्रत्येक अक्षर वाचणं ही पाच मिनिटांची गोष्ट पुढचा महिना वाचवते.

पुढचं काम साध्या कागदावरच्या अर्जाने सुरू होतं. दाखला ज्यांच्या सहीने निघाला त्याच अधिकाऱ्यांच्या नावे तो लिहायचा. दाखल्याचा क्रमांक, तारीख, छापलेलं चुकीचं नाव, हवं असलेलं बरोबर नाव आणि त्याचा पुरावा एवढं त्यात असावं. सोबत मूळ दाखला, ऑनलाइन अर्जाची प्रत आणि पावती, शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रिकेच्या प्रती जोडायच्या. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं, तर जात, उत्पन्न यांसारख्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. पाचशेचा स्टॅम्प विकत घ्यायची गरज नाही. अर्जाच्या स्वतःकडच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेणं विसरू नये. पुढे उशीर झालाच, तर आपण कधी मागणी केली हे तोच कागद सांगतो. काही कार्यालयं त्याच कागदपत्रांवर नवा ऑनलाइन अर्ज भरायला सांगतात. तसं असेल तर त्या अर्जात जुन्या दाखल्याचा क्रमांक आणि दुरुस्तीचं कारण स्पष्ट लिहावं.

पेनने खाडाखोड करून अक्षर सुधारायचा मोह कुणालाही होऊ नये. हे दाखले डिजिटल सहीचे असतात आणि त्यांवरच्या बारकोडवरून मूळ नोंद पडद्यावर उघडते. कागदावर काहीही केलं तरी नोंद तीच राहते. उलट, खोटा दाखला वापरल्याचा आरोप आला तर 2001च्या याच कायद्यात सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे.

दुरुस्ती बहुतेक वेळा जुना दाखला रद्द करून नवा देऊनच होते. म्हणजे क्रमांक बदलतो, तारीखही बदलते. इथे एक अडचण फार उशिरा लक्षात येते. मुलीने दरम्यान पडताळणीचा अर्ज केला असेल, तर तिथे जुन्या दाखल्याचा क्रमांक नोंदलेला असतो. वैधता प्रमाणपत्रावरही मूळ जातीच्या दाखल्याचा क्रमांक येतो. म्हणून नवा दाखला हातात येताच त्याची प्रत आणि जुना रद्द झाल्याचं पत्र जिल्हा जात पडताळणी समितीकडे द्यायला हवं. हे राहिलं, तर वैधता हातात असूनही दोन क्रमांक जुळत नाहीत आणि प्रवेशाच्या खिडकीपाशी पुन्हा सगळं सुरू होतं.

उत्पन्नाच्या दाखल्यातली चूक निराळी असते. एक लाख ऐंशी हजारांच्या जागी दोन लाख ऐंशी हजार पडले, एवढंच. पण अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. एका आकड्याने कुटुंब मर्यादेबाहेर जातं. इथे तहसीलदारांकडे अर्ज करताना तलाठ्याचा चौकशी अहवाल, नोकरदार असेल तर फॉर्म 16, असे उत्पन्नाचे मूळ कागद पाहावे लागतात. अहवालातच आकडा चुकला असेल, तर नुसता दाखला बदलून भागत नाही. तलाठ्याकडून नवा अहवाल यायला हवा.

चूक दाखल्यात नसून त्याच्या मुळाशी असेल, तर काम लांबतं. शाळेच्या नोंदवहीत आजोबांची किंवा वडिलांची जात चुकीची किंवा अर्धवट लिहिलेली असते आणि दाखला तिच्यावर बेतलेला असतो. प्रांत ती नोंद बदलू शकत नाहीत. शालेय नोंदीतली उघड चूक दुरुस्त करायची तर शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यासाठी कोतवाल बुकातले म्हणजे गाव नमुना 14मधले जन्म-मृत्यूचे उतारे फार उपयोगी पडतात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीच्या नोंदींना सगळ्यात जास्त वजन असतं. म्हणून जुन्या शाळेचा कागद शोधायला मूळ गावी जावं लागलं तरी जावं.

आणि काही बदलांना दुरुस्ती म्हणताच येत नाही. विदर्भातल्या हलबा कोष्टींचा दावा याचं ठळक उदाहरण. हलबा ही अनुसूचित जमात आहे. हलबा कोष्टी तिच्यातच येतात का, हा वाद महाराष्ट्र सरकार विरुद्ध मिलिंद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला. नोव्हेंबर 2000मध्ये निकाल लागला, की राष्ट्रपतींच्या आदेशातली यादी जशी लिहिली आहे तशीच वाचायची. तीत शब्द जोडण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. मग तो प्रांतांना कुठून असणार? जातीच्या नावातला शब्द बदलल्याने प्रवर्ग बदलत असेल, तर ती टंकलेखनाची चूक राहत नाही. तो नवा दावा ठरतो आणि पुराव्याचा सगळा भार दावा करणाऱ्यावर येतो.

चुकीच्या दाखल्यामुळे संधी हुकली तर न्यायालय वाचवतं का? ओडिशातल्या डॉली छंदा या विद्यार्थिनीचं प्रकरण दिलासा देणारं आहे. 2003च्या वैद्यकीय प्रवेशावेळी ती माजी सैनिकांच्या पाल्यांच्या कोट्यात पात्र होती, पण जिल्हा सैनिक बोर्डाच्या दाखल्यात चूक झाली आणि दुरुस्त दाखला उशिरा आला. पात्रता आधीपासून होती, उणीव फक्त पुराव्यात होती, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. मात्र 2025मध्ये उत्तर प्रदेश पोलीस भरतीतल्या एका उमेदवाराला तेच न्यायालय वाचवू शकलं नाही. त्याने राज्याच्या नमुन्याऐवजी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला जोडला होता. जाहिरातीत नमुना सांगितलेला असताना तो न पाळणं उमेदवाराला भोवलं. कार्यालयाची चूक आणि अर्जदाराचं दुर्लक्ष यांच्यातला हा फरक मोठा आहे. पहिल्या प्रकारात आवक शिक्का असलेला दुरुस्तीचा अर्ज जवळ असेल तर बाजू मांडायला आधार मिळतो.

कार्यालयाने दाखलाच नाकारला तर 2001च्या कायद्यानुसार 30 दिवसांत अपील करता येतं. दाखला ठरल्या मुदतीत मिळालाच नाही, तर लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली पहिलं अपील, त्यानंतर दुसरं आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोग अशी वाट आहे. पडताळणी समितीचा निर्णय विरोधात गेला, तर मात्र मधली पायरी नाही. त्याविरुद्ध थेट उच्च न्यायालयातच जावं लागतं.