कपडा एक, तारखा अनेक

नाशिकला माझी धाकटी जाऊ घरच्या एका खोलीतून घागरे, शिवलेल्या नऊवाऱ्या, शेरवान्या आणि पार्टी गाऊन भाड्याने देते. दुकान नाही, पाटी नाही. इन्स्टाग्रामवर फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं आणि टेबलावर एक जाड वही, एवढाच तिचा पसारा. लग्नसराईत मी तिच्या मदतीला जाते आणि ती वही माझ्याकडे असते. दोन हंगाम वही लिहिल्यावर एक गोष्ट पक्की कळली, या धंद्यात आपण कपडा भाड्याने देत नाही, त्याच्या तारखा देतो. घागरा कपाटात लटकलेला असला तरी त्याची येत्या रविवारची तारीख हातून गेली, तर ती परत मिळत नाही.

तिच्याकडच्या एका राणी रंगाच्या घागऱ्याचंच उदाहरण घेऊ. तो १२,५०० रुपयांना घेतला. तीन दिवसांचं भाडं २,००० रुपये. प्रत्येक वेळी ड्रायक्लीनिंगला ५०० आणि हुक, टाके, इस्त्री यांना साधारण १०० रुपये जातात. हातात उरतात १,४००. म्हणजे घागऱ्याची किंमत वसूल व्हायला नऊ गिऱ्हाइकं लागतात आणि खरी कमाई दहाव्यापासून सुरू होते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि चातुर्मास लागला की थांबतात. त्यातही गिऱ्हाइकांना हवे असतात ते शनिवार-रविवारचेच दिवस. त्यामुळे प्रश्न असा की, या मोजक्या तारखांमध्ये एक घागरा किती वेळा बाहेर जाऊन धडपणे परत येऊ शकतो?

रविवारचं लग्न असेल तर घागरा शुक्रवारी संध्याकाळी जातो आणि सोमवारी संध्याकाळी येतो. मंगळवारी सकाळी लाँड्रीत, गुरुवारी संध्याकाळी परत. शुक्रवारी दुपारी तपासणी आणि संध्याकाळी पुढच्या बाईच्या हातात. कागदावर हे सात दिवसांत चोख बसतं, पण त्यात एक तासही मोकळा नाही. पहिल्या हंगामात जाऊबाईंनी असेच लागोपाठचे दोन रविवार घेतले होते. पहिल्या बाईंनी सोमवारी फोन केला, “ताई, पाहुणे आहेत घरात, उद्या आणते.” त्या आल्या बुधवारी. उशिराचे दिवसाला २०० याप्रमाणे ४०० रुपये त्यांनी कुरकुर न करता दिले. पण लाँड्रीवाल्याने दोन दिवसांच्या आत द्यायला नकार दिला आणि शुक्रवारच्या मुलीला घागरा मिळाला नाही. तिचे पैसे परत करून वर दुसरा, जास्त भाड्याचा घागरा तिला फुकट द्यावा लागला. ४०० रुपये आले आणि २,००० रुपये गेले.

तेव्हापासून वहीत एका बुकिंगला चार तारखा असतात: कधी जाणार, कधी येणार, लाँड्रीतून कधी येणार आणि पुन्हा द्यायला कधी मोकळा. नवं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा लग्नाची तारीख बघायची नाही, ही चौथी तारीख बघायची. जड भरतकामाच्या कपड्याला ती आणखी दोन दिवस पुढे ढकलून लिहिते. त्यामुळे असा घागरा एक आठवडा सोडून जातो, पण दिलेला शब्द पाळला जातो. परतीच्या आदल्या संध्याकाळी गिऱ्हाइकाला आठवणीचा निरोप जातो. आणि उशिराचा दर आता दिवसाला ७०० आहे, म्हणजे एका दिवसाच्या भाड्याहून थोडा जास्त.

हा दर बुकिंगच्या वेळीच लेखी सांगितला जातो. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार वापरायला नेलेली वस्तू ठरल्या वेळी परत केली नाही, तर त्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी नेणाऱ्यावर येते. पण त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे. करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, तो आकडा ही फक्त वरची मर्यादा असते. म्हणून “कोणताही डाग पडल्यास पूर्ण डिपॉझिट जप्त” हे वाक्य कितीही ठळक छापलं तरी फारसं टिकणारं नाही.

डिपॉझिटबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. आगाऊ रक्कम ही भाड्याचा भाग असते आणि ती आली की तारीख अडवली जाते. “नक्की घेणार आहे, ठेवा माझ्यासाठी” या निरोपावर तारीख अडवायची नाही. डिपॉझिट वेगळं. ते कपडा नेताना घेतलं जातं आणि ते गिऱ्हाइकाचे पैसे असतात. राणी घागऱ्याला ४,००० रुपये डिपॉझिट आहे. पूर्ण किंमत मागितली तर कुणी फिरकणार नाही आणि ५०० मागितले तर परत आणायची घाई कुणाला राहणार नाही. हंगामात दहा कपडे बाहेर असले तर खात्यात परक्याचे ४०,००० रुपये असतात. ते नवा माल घ्यायला वापरले की सोमवारी परत द्यायला पैसे नसतात आणि मग खोट्या-खऱ्या सबबी सुरू होतात. जाऊबाईंनी त्यासाठी वेगळं बचत खातं ठेवलं आहे.

पैसे आले की नाही ते स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघायचं, समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबायचं नाही. आणि डिपॉझिट परत घेताना कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितला तर गिऱ्हाइकानेही सावध व्हावं, कारण पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. दुसऱ्याचे फोटो उचलून खोटं पान उघडणारे आणि आगाऊ रक्कम घेऊन गायब होणारेही असतात. पहिल्यांदा घेताना व्हिडिओ कॉलवर तोच कपडा दाखवायला सांगावा किंवा प्रत्यक्ष जाऊन बघावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं. ओळखपत्र द्यावं लागलं तर आधारची अशी प्रत द्यावी, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

जाहिरातीच्या फोटोतच निम्मी भांडणं मिटवता येतात. कंपनीच्या कॅटलॉगमधला फोटो न टाकता आपल्याच कपड्याचा, दिवसाच्या उजेडातला फोटो हवा. खाली कमरेचं माप, घेराची उंची, चोळीचं माप आणि आत किती मार्जिन आहे ते लिहायचं. ३६च्या चोळीत मार्जिन असेल तर ती ४०पर्यंत उसवता येते, मात्र शिलाई कच्च्या टाक्यांचीच करायची. भाडं आणि डिपॉझिटही तिथेच. आणि एखादा मणी गळला असेल, ओढणीला बारीक ओढ असेल, तर त्याचाही फोटो. असा दोष आधी दाखवला की परतीच्या वेळी “हे आधीपासूनच होतं” हा वाद उरत नाही.

आता सफाईकडे येऊ, कारण कपड्याचं आयुष्य तिथे ठरतं. ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी द्रावक असतं. ते तेल, मेकअप, वंगण सोडवतं. घाम, सरबत, पाक हे मात्र पाण्यात विरघळणारे डाग, ते नुसत्या द्रावकाने जात नाहीत. साखरेचं पाणी सांडलं आणि वाळलं तर डाग दिसतही नाही. मग गरम इस्त्री फिरते आणि तिथे तपकिरी ठिपका उमटतो. म्हणून सांडलंय काय, हे लाँड्रीवाल्याला सांगावं लागतं. जाऊबाई डागाजवळ पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका घालतात आणि चिठ्ठीवर लिहितात: “गळ्याजवळ फाउंडेशन, घेरावर सरबत.” चिकटवलेल्या खड्यांचा गोंदही काही द्रावकांत सुटतो, म्हणून खडे शिवलेले आहेत की चिकटवलेले, हे घागरा विकत घेतानाच बघायचं.

हळदीचा डाग सगळ्यात फसवा. एका मुलीच्या पिवळ्या गाऊनवर हळद सांडली. तिने आपल्याकडून चांगलंच करायचं म्हणून साबण घासला आणि डाग एकदम लाल झाला. ती रडतच आली. हळदीतला रंग क्षारात लाल होतो, आणि साबण क्षारयुक्त. तो लाल रंग पाण्याने बराचसा परतला, पण घासल्यामुळे जाळीचे धागे मात्र विस्कटले होते. दोष तिचा एकटीचा नव्हता, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आता प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असते: डाग पडला तर धुऊ नका, घासू नका, कोरड्या सुती कापडाने टिपा आणि आम्हाला सांगा. सांगितल्याबद्दल पैसे कापणार नाही. सेंट आणि डिओ कपडे घालण्यापूर्वी मारा, कारण जर त्याने काळवंडते. ओलसर कपडा प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, बुरशी धरते.

परतीची तपासणी दहा मिनिटांची, उजेडात, शक्यतो समोरच. आधी नग मोजायचे: घागरा, चोळी, ओढणी, कॅनकॅन, कमरपट्टा, पिशवी. आतून शिवलेल्या सुती पट्टीवरचा क्रमांक वहीशी जुळवायचा. मग गळा, काख, घेराची कड, चेन, हुक, आणि शेवटी वास. देताना काढलेला व्हिडिओ त्याच व्हॉट्सअ‍ॅप संवादात असतो, तो शेजारी उघडून बघायचा. घेराला लागलेली माती आणि सुटलेला हुक ही वापरातली झीज, ती भाड्यातच आली. काही वेगळा डाग असेल तर लाँड्रीची पावती दाखवून तेवढाच जादा खर्च कापायचा. जळालं किंवा फाटलं तर आतापर्यंतच्या वापराचं मूल्य वजा करून उरलेली किंमत मागायची. चौदाव्या भाड्यानंतर त्या घागऱ्याचे १२,५०० मागणं न्याय्य नाही. तपासणी निर्वेध झाली तर डिपॉझिट त्याच दिवशी परत. सात दिवस अडकवून ठेवलं तर ती बाई पुन्हा येत नाही आणि तिच्या नात्यातल्या बायकाही येत नाहीत.

राणी घागऱ्याच्या पानावर यंदा पंधरावी ओळ लिहिली. ओढणीची कड विरली आहे आणि एकाच नात्यातल्या दोन लग्नांच्या फोटोंत तो येऊन गेला आहे. आता तो आठशे रुपयांत शाळांच्या स्नेहसंमेलनांना जाईल. वहीतल्या शेवटच्या रकान्यात पंधरा वेळा “परत आला” लिहिलेलं आहे, आणि प्रत्येक ओळीशेजारी डिपॉझिट परत दिल्याची तारीख आहे. एका ओळीत मात्र परतीसमोर “बुधवार” लिहून मी लाल पेनने गोल केला आहे. नवा घागरा घेतला की जाऊबाई आधी ते पान उघडतात आणि मगच पहिली तारीख देतात.