सहा बाटल्या, एकच आम्ल

ॲन आर्बरच्या हिवाळ्यात हीटरच्या हवेने त्वचा आधीच रुक्ष होते. अशा वेळी आपल्या तरुण मुलींमध्ये प्रचलित असलेल्या एका सहा पायऱ्यांच्या दिनक्रमातील घटकांच्या याद्या आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. मुरुमांवरचे सॅलिसिलिक आम्ल फेसवॉश, टोनर आणि सीरम अशा तिन्हींत होते. तिहेरी वापराने मुरूम तिप्पट वेगाने जात नाहीत. त्वचा मात्र चुरचुरते, सोलवटते आणि सावळ्या वर्णावर त्या दाहाचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

म्हणून आम्ल केवळ सीरममध्ये, तेही रात्री एक दिवसाआड ठेवावे. फेसवॉश सौम्य घ्यावा, टोनर वगळावा. नायसिनमाइड मॉइश्चरायझरमध्ये होतेच, त्यामुळे त्याचे वेगळे सीरमही अनावश्यक ठरले. उरल्या चारच बाटल्या: फेसवॉश, सीरम, मॉइश्चरायझर आणि सकाळचे सनस्क्रीन. त्यानंतरही चुरचुर टिकली, तर सीरमही थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.