ओठांवरून जीभ फिरवायची सवय

डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे थंडी पडली की काही शाळकरी मुलांच्या तोंडाभोवती लालसर, खरखरीत कडं उमटतं. त्याची कड रेखीव असते, कारण जीभ जिथवर पोहोचते तिथेच ते संपतं. घरातले त्याला ॲलर्जी म्हणतात, कुणी नायटा समजतं. जाणकार त्वचारोगतज्ज्ञ मात्र मुलाशी बोलता बोलता त्याच्या जिभेकडे लक्ष ठेवतात. पाच मिनिटांत ती चार वेळा ओठांवरून फिरली, की निदान जवळजवळ झालंच.

मोठ्यांच्या ओठांचंही हेच होतं, फक्त कडं दिसत नाही. सालपटं तेवढी निघत राहतात. ओठांवरची त्वचा गालावरच्या त्वचेपेक्षा बरीच पातळ असते. तिथे घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलाच्या ग्रंथीही जवळपास नसतातच, त्यामुळे ओलावा धरून ठेवणारा तेलकट थर ओठांना स्वतः तयार करता येत नाही. कोरडे पडले की आपण जीभ फिरवतो आणि क्षणभर बरं वाटतं. पण लाळ लगेच वाळते आणि वाळताना त्वचेतलं पाणीही घेऊन जाते. शिवाय लाळेत अन्न पचवणारी द्रव्यं असतात. आधीच भेगाळलेल्या त्वचेला ती झोंबतात, आग होते आणि जीभ पुन्हा तिथेच जाते.

म्हणून ‘चाटू नकोस’ असं दिवसभर बजावून काही साधत नाही. ओठ ओढले गेले की जीभ नकळत बाहेर येते. ओठ कोरडे पडण्याची वेळच येऊ द्यायची नाही, हाच उपाय. त्यासाठी साधी, बिनवासाची, बिनरंगाची पेट्रोलियम जेली पुरते. कोकणात कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, म्हणजे मुठेल, थंडीत ओठांना आणि टाचांना लावतात. तेही चांगलं काम करतं. दोन्हींमुळे ओठांवर थर बसतो आणि आतलं पाणी आतच राहतं.

लावण्याच्या वेळा मात्र पाळायला हव्यात. सकाळी दात घासण्याआधी ओठांवर आणि तोंडाच्या कडेला थर द्यावा, म्हणजे टूथपेस्टचा फेस झोंबत नाही. जेवण झालं की ओठ साध्या पाण्याने धुवावेत, कारण मीठ, तिखट आणि लिंबाचा रस भेगांत राहतो. मग मऊ कापडाने नुसते टिपावेत आणि किंचित ओलसर असतानाच पुन्हा लावावं. चहानंतर, बाहेर पडताना, आणि रात्री झोपताना सगळ्यात जाड थर. नाक चोंदून तोंडाने श्वास घेणाऱ्यांचे ओठ रात्रभर वाळतात. त्यांनी नाकाचा इलाजही करून घ्यावा. मुलाच्या दप्तरात छोटी डबी द्यावी आणि जीभ बाहेर यायला लागली की बोट डबीत घालायचं, एवढंच शिकवावं. हाताला दुसरं काम मिळालं की जिभेची सवय हळूहळू सुटते.

सालपट ओढायचा मोह सगळ्यांनाच होतो. अर्धवट सुटलेलं सालपट ओढलं की शेजारची न पिकलेली त्वचाही सोबत निघते, रक्त येतं आणि तिथे नवी खपली धरते. लोंबणारा तुकडा फारच टोचत असेल तर जेली लावून तो मऊ होऊ द्यावा आणि स्वच्छ, लहान कात्रीने तेवढाच कापावा. साखर-लिंबू चोळून साल काढायचा घरगुती उपाय तर भेगाळलेल्या ओठांवर करूच नये.

विकतच्या लिप बाममध्येही एक मेख आहे. मेंथॉल, कापूर किंवा दालचिनी असलेला बाम लावताच गार किंवा चुरचुरीत वाटतं आणि तो काम करतोय असा समज होतो. प्रत्यक्षात त्याने त्वचा आणखी चिडते. स्ट्रॉबेरीच्या चवीचा बाम तर मुलं चाटूनच संपवतात. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेलं स्टेरॉईडचं मलम चेहऱ्यावर अजिबात लावू नये. आधी लाली जाते आणि थांबवलं की तोंडाभोवती बारीक पुरळ उठतं.

नियम पाळला तर ओठ साधारण दोन आठवड्यांत सावरतात, कारण तिथली त्वचा लवकर भरून येते. तोंडाभोवतीचं कडं जायला थोडा जास्त वेळ लागतो आणि सावळ्या त्वचेवर त्याचा काळपट डाग काही महिने राहू शकतो. तेवढ्यासाठी गोरं करणारी क्रीमं लावू नयेत.

तरीही फरक पडला नाही तर कारण वेगळं असू शकतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ फुटणारच, ते डॉक्टरांना सांगावं. फक्त तोंडाचे कोपरे चिरत असतील तर बुरशी, सैल कवळी, लोह किंवा ‘ब’ जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी लागते. आणि वर्षानुवर्षं उन्हात काम केलेल्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या खालच्या ओठावर एकाच जागी पांढरट, खरखरीत चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर जेली लावत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.