व्हिडिओ शिळा होऊ नये म्हणून

२३ जुलै २०२४ रोजी केंद्रीय अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याच दिवसापासून शेअर व इक्विटी फंडांवरच्या दीर्घकालीन नफ्याचा कर दहा टक्क्यांवरून साडेबारा टक्के झाला. करमाफीची मर्यादाही वर्षाला एक लाखावरून सव्वा लाखावर गेली. आदल्या दिवसापर्यंत बरोबर असलेले कितीतरी मराठी, हिंदी व्हिडिओ अशा तऱ्हेनं एका दिवसात चुकीचे ठरले. लेखात आकडा बदलून तोच लेख पुन्हा ठेवता येतो. यूट्यूबवर मात्र चढवलेला व्हिडिओ त्याच दुव्यावर बदलता येत नाही. त्यातला एखादा भाग कापता येतो, वर्णनात सूचना टाकता येते, पण बोललेलं वाक्य तसंच राहतं आणि लोक ते वर्षानुवर्षं ऐकत राहतात.

घरगुती अर्थकारणावर पाच-दहा वर्षं चॅनल चालवायचा असेल, तर विषय निवडताना ही अडचण आधी लक्षात घ्यावी लागते. जाणकार माणसाकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. त्यातलं टिकाऊ काय आणि दरवर्षी बदलणारं काय, हे वेगळं करणं हे खरं काम. उपाय साधा आहे. नफ्यावर कर कधी लागतो, विकल्यावरच का लागतो, मुदत कशी मोजतात हे एका व्हिडिओत, शक्यतो आकड्यांशिवाय सांगावं. दर आणि मर्यादा यांचा छोटा व्हिडिओ दरवर्षी नवा करावा, शीर्षकात आर्थिक वर्ष लिहावं आणि जुन्याच्या वर्णनातून नव्याकडे बोट दाखवावं. कोणता विषय टिकाऊ ठरला, हे महिन्याभरानंतर आलेखावर दिसतं. बातमीवरचा व्हिडिओ पहिल्या आठवड्यात उसळतो आणि झोपतो. टिकाऊ व्हिडिओला रोज थोडेच प्रेक्षक येतात, पण येत राहतात, आणि त्यातले बरेचसे शोधत आलेले असतात.

माझ्या मते विषय योजनेच्या नावावरून निवडूच नये. घरात घडणाऱ्या घटनेवरून निवडावा. योजना बंद होते, तिचं नाव बदलतं, व्याज तिमाहीला बदलतं. पहिली नोकरी, लग्न, घराचं कर्ज, निवृत्ती, मृत्यू हे बदलत नाहीत. ‘वडील गेले, आता त्यांच्या पैशांचं काय करायचं?’ या एकाच प्रश्नात वर्षभराची मालिका आहे. तिचा कणा म्हणजे नॉमिनी.

बहुतेक घरांत समज असा असतो की ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं, पैसे त्याचे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत नेमका याच्या उलट निकाल दिला. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून कुटुंबात झालेल्या वादातला तो निकाल आहे. नॉमिनीच्या नावे गुंतवणूक होते, पण म्हणून तो मालक होत नाही. मालकी मृत्युपत्रानुसार, ते नसेल तर वारसा कायद्यानुसार ठरते. इथून पुढे प्रत्येक साधनासाठी वेगळा व्हिडिओ निघतो, कारण प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं आहे. बँकेच्या ठेवीत नॉमिनीला पैसे देऊन बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. वारसांचा हक्क त्यानं संपत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात. ठेवीत ते टक्केवारीनं एकत्र असू शकतात किंवा एकामागून एक, लॉकरला मात्र एकामागून एकच. विमा कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलं नॉमिनी असतील तर त्यांना स्वतःच्या हक्कानं रक्कम मिळावी अशी तरतूद आली. पण तिचा अर्थ लावण्यात न्यायालयांत एकवाक्यता नाही, आणि व्हिडिओत तसंच सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात. खरे वारस कागदपत्रांनिशी पुढे येईपर्यंतच त्याची ती जागा.

या मालिकेत शिकवण्याचा धागा एकच राहतो: पैसे कोणाच्या हाती येतात आणि ते कोणाचे असतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कायदा पुढे बदलला तरी त्या साधनापुरता एक भाग नव्यानं करावा लागेल, बाकीचे उभे राहतील. पहिल्याच व्हिडिओत सगळी साधनं कोंबली, तर एका दुरुस्तीनं सगळंच मोडतं. शिवाय सोसायटीचा प्रश्न घेऊन आलेल्या बाईला विम्याची दहा मिनिटं ऐकावी लागतात आणि ती निघून जाते. प्रेक्षक नेमके कुठे सोडून जातात हे आलेख दाखवतो. घसरण दर वेळी एका साधनावरून दुसऱ्यावर जाताना होत असेल, तर तिथे दोन विषय एकात बांधले गेले आहेत असं समजावं.

घटना ठरल्या की त्यांचे महिने शोधावेत. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख शाळेत १ जून लावलेली आहे. त्यामुळे राज्य सरकारी कर्मचारी मोठ्या संख्येनं ३१ मे रोजी अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या काठावर निवृत्त होतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर कोणालाही पैसे ठेवता येतात. पंचावन्न ते साठ वयाच्या निवृत्तांनाही येतात, पण निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. म्हणून हा व्हिडिओ एप्रिलमध्ये यायला हवा. ऑक्टोबरमध्ये तो कितीही उत्तम केला, तरी ज्याची मुदत टळली त्याला साठीपर्यंत थांबणंच उरतं. तसंच पगारातून कापलेल्या कराचा फॉर्म १६ जूनच्या मध्यापर्यंत हातात येतो, तेव्हा तो वाचायचा कसा हे जूनच्या सुरुवातीला सांगावं. कर वाचवण्याचा विषय मार्चमध्ये लोकप्रिय असतो, पण तेव्हा घाईनं नको ती पॉलिसी गळ्यात पडते. तो एप्रिलमध्येच घ्यावा, प्रेक्षक कमी मिळाले तरी.

काही विषय सोडावेच लागतात. लोकांचा सर्वांत मोठा प्रश्न असतो, ‘कोणता फंड घेऊ?’ त्याचं उत्तर नाव घेऊन देणं हा सल्ला झाला, आणि त्यासाठी सेबीची नोंदणी लागते. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीनं शिक्षण आणि सल्ला यांच्यातली रेघ स्पष्ट केली: केवळ शिकवणाऱ्यानं कोणत्याही शेअरबद्दल बोलताना मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून त्याच्या पुढच्या भावाविषयी सुचवू नये. ‘हे फक्त माहितीसाठी आहे’ असं पडद्यावर लिहिल्यानं ही रेघ पुसली जात नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याला तसंच परत पाठवणंही बरोबर नाही. त्याच्याच हातातलं फंडाचं मासिक माहितीपत्रक घ्यावं. खर्चाचं प्रमाण कुठे छापलेलं असतं, डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅनमध्ये ते वेगळं का असतं, परतावा कोणत्या निर्देशांकाशी ताडून पाहायचा, हे जुन्या तारखेच्या पत्रकावर दाखवावं. पत्रक जुनं असल्यानं काही बिघडत नाही, कारण वाचण्याची रीत तीच राहते. पुढच्या महिन्याचं पत्रक प्रेक्षक स्वतः उघडतो आणि त्यातला पहिला आकडा कुठे शोधायचा हे त्याला माहीत असतं.