पहिल्या रकान्यावर फुली

फोन बदलला की जुने फोटो नव्या फोनवर येतात, निदान आले आहेत असं दिसतं. चौकोन दिसतो, चौकोनात पुसट काहीतरी दिसतं, आणि बोट लावलं की कळतं, आत काही नाही. माझ्याकडे गाण्याच्या बाईंच्या वहीतल्या एका पानाचा असा फोटो आहे. वही कधीच वाळवीने खाल्ली. फोटो ज्या मैत्रिणीने काढला होता तिच्याकडेही तो उघडत नाही. नखाएवढ्या पुसट चित्रात इतकंच दिसतं की पान आडवं आहे आणि त्यावर चार रकाने आहेत.

नशिबाने त्याच मैत्रिणीने त्या दिवशी फोटोखाली चार ओळी लिहिल्या होत्या. आमच्या क्लासमधल्या एका ताईंना फारसं दिसत नसे, फोन त्यांना मजकूर वाचून दाखवायचा, म्हणून. फोटो गेला आणि त्या चार ओळी राहिल्या. त्यातला गाभा असा होता:

यमन, तीनताल, सरगम. चार रकाने. पहिल्या रकान्यावर फुली, बाकीच्यांवर आकडे. स्वर: ग ग रे ग, म ध नि ध प, ग ग रे सा, नि रे सा सा. म ला वेगळी खूण आहे. शेवटच्या रकान्यातल्या नि वर ठिपका. स्वरांखाली आडव्या रेघा, एका ठिकाणी शून्यं. शेवटचा सा पुसट आहे.

वाचल्यावर वाटलं, काम झालं. आपल्याला येतंच की. पेटी काढली, हातावर ताल धरला आणि दहा मिनिटांत अडकले.

मी शिकले ती भातखंडे पद्धत. या पद्धतीत तालाची सम फुलीने दाखवतात, खाली शून्याने, आणि टाळ्या २, ३ अशा आकड्यांनी. तेव्हा ‘पहिल्या रकान्यावर फुली’ म्हणजे ओळ समेपासून सुरू होते, असं मी धरलं. स्वराच्या डोक्यावर ठिपका असेल तर तो तार सप्तकातला, खाली असेल तर मंद्रातला. म्हणजे शेवटच्या रकान्यातला नि तार सप्तकातला. तिसरा रकाना मधल्या सा वर संपतो. तिथून गळ्याने थेट तार निषादावर उडी मारायची आणि लगेच मधल्या रे वर परत यायचं? बाई आम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवत होत्या, सर्कशीत नव्हे.

मग मी तेच केलं जे अशा वेळी सगळे करतात. ठिपका चुकून वर लिहिला गेला असेल, खाली असणार, असं म्हणून तो दुरुस्त करून टाकला. ओळ गोड वाजली. गोष्ट इथेच संपली असती, पण खालच्या आडव्या रेघांचं काय करायचं हे काही सुटेना. भातखंडे पद्धतीत स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर. मैत्रिणीने ‘स्वरांखाली’ असं सरसकट लिहिलं होतं, म्हणजे रेघा सा खाली आणि प खालीही असणार. सा आणि प हे अचल स्वर, ते कोमल होतच नाहीत. वहीच्याच छापील रेघा असतील म्हणून मी त्याही सोडून देणार होते. शून्यांचं मात्र कोणतंच स्पष्टीकरण बसेना.

उत्तर दुसऱ्या विष्णूंकडे होतं. हिंदुस्थानी संगीताच्या लेखनाच्या आपल्याकडे रुजलेल्या दोन्ही पद्धती मराठी माणसांच्या, आणि दोघांचं नाव विष्णू. मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१). भातखंड्यांनी शेकडो चिजा गोळा करून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या, पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि तिथल्या विद्यार्थ्यांसाठी आपली पद्धत चालवली. दोघांनीही सारे ग म ही अक्षरं तीच वापरली. खुणा मात्र वेगळ्या, आणि काही ठिकाणी अगदी उलट.

पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचा ठिपका मंद्र सप्तक दाखवतो, तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ असते. ती उभी रेघ भातखंडे पद्धतीत तीव्र मध्यमाची खूण. पलुस्कर पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या वेळेची खूण असते: आडवी रेघ म्हणजे पूर्ण मात्रा, शून्य म्हणजे अर्धी. आणि ताल दाखवताना सम १ या आकड्याने, टाळ्या त्या त्या मात्रेच्या आकड्याने (तीनतालात ५ आणि १३), आणि खाली दाखवायची ती अधिक चिन्हाने.

मैत्रिणीने ज्याला फुली म्हटलं होतं ते अधिक होतं. शाईने, घाईत, जरा कलतं काढलेलं अधिक. मराठीत आपण दोन्हीला सहज फुली म्हणतो, त्यात तिची चूक म्हणता येणार नाही.

आता सगळं जागेवर बसलं. पहिला रकाना समेचा नसून खालीचा, म्हणजे नवव्या मात्रेचा. तीनतालातल्या कितीतरी चिजा अशाच नवव्या मात्रेपासून उठतात आणि आठ मात्रांनी समेवर येतात. नि वरचा ठिपका मंद्राचा, म्हणजे माझी ‘दुरुस्ती’ बरोबर निघाली, पण चुकीच्या कारणाने. रेघा पूर्ण मात्रांच्या. दुसऱ्या रकान्यात ‘नि ध’ यांखाली शून्यं असणार, कारण मोजलं तर ओळीत एकूण सतरा स्वर आहेत आणि मात्रा सोळाच. पाच स्वर असलेला रकाना तो एकच. तरी त्या पाचांतले दोन नेमके कोणते हे मजकुरात नाही. ‘ध नि’ किंवा ‘ध प’ ही जोडीही चालली असती. ‘नि ध’ हे मी निवडलंय, आणि ते मी निवडलंय हे पानावर लिहून ठेवलंय.

यात एक बारीक फसवणूक आहे. समेपासून सुरू केलं तरी पहिला स्वर गंधार, आणि नवव्या मात्रेपासून सुरू केलं तरी समेवर येणारा स्वर गंधारच. गंधार हा यमनचा वादी, त्यामुळे दोन्ही वाचनांत सम छान वाटते. चीज आख्खं अर्धं आवर्तन सरकली तरी कानाला खटकलं नाही. राग ओळखीचा असेल तर तो चुका लपवतो, हे मला या पानाने शिकवलं. भूप असता तर एखादा चुकीचा म किंवा नि लगेच डोळ्यात आला असता, कारण ते स्वर भूपात नाहीतच. यमनमध्ये सातही स्वर असल्यामुळे तो आधार मिळत नाही.

पान पुन्हा लिहिलं ते असं:

```
पद्धत: मूळ पलुस्कर. राग यमन, तीनताल, सरगम
खाली (९–१२):  ग | ग | रे | ग
टाळी (१३–१६): तीव्र म | ध | नि-ध | प
सम (१–४):     ग | ग | रे | सा
टाळी (५–८):   मंद्र नि | रे | सा | सा (?)
```

मंद्र आणि तीव्र हे शब्द मी मुद्दाम अक्षरांत लिहिले. वहीत खूण काढायला एक क्षण लागतो, टाइप करताना मात्र तीच खूण सगळ्यात आधी मरते. कोमलासाठी अक्षराखाली रेघ मारून कुणाला पाठवली की पलीकडे बहुतेक वेळा नुसतं अक्षर पोचतं. रेघ ही अक्षराचा भाग नसते, ती सजावट असते, आणि नक्कल करताना सजावट गळून पडते. काही जण तार सा साठी अनुस्वार देऊन ‘सां’ लिहितात, मंद्रासाठी नुक्ता देतात, तीव्र म साठी वेदमंत्रांतली स्वराची उभी रेघ वापरून ‘म॑’ लिहितात. हे खरं तर फार हुशारीचं आहे, पण एखाद्या फोनवर तिथे रेघेऐवजी ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, आणि वाचून दाखवणारा फोन ती खूण बहुधा गाळूनच पुढे जातो. ज्या ताईंसाठी ते वर्णन लिहिलं गेलं त्यांना तीव्र म आणि शुद्ध म सारखेच ऐकू आले असते. यमनमध्ये धकलं असतं, केदारमध्ये नाही.

दुसरी पडझड मोकळ्या जागांची. वहीत स्वर आणि खालचं बोलाचं अक्षर एकाखाली एक असतं, नजर उभी फिरते. फोनवर ओळ मोडली की कोणतं अक्षर कोणत्या स्वराखाली हे गेलंच. म्हणून मात्रेमात्रेमध्ये उभी रेघ द्यायची, आणि बोल असतील तर स्वराशेजारीच अक्षर लिहायचं: ‘ग वर अमुक, रे वर तमुक’. लांबवलेल्या मात्रेची रेघही लिहायची, ती मोकळी सोडायची नाही. आवर्तनाचा हिशेब जुळला पाहिजे. सोळाच्या ठिकाणी पंधरा भरल्या तर एखादी मात्रा वाटेत हरवली आहे, आणि ती बहुधा अशी न लिहिलेली लांबवलेली मात्राच असते.

मींड, कणस्वर, खटका यांचं वर्णन शब्दांत होतं, पण तोकडं होतं. ‘म पासून रे पर्यंत मींड’ लिहिता येतं. कमान मध्यमाच्या आधी सुरू झाली की नंतर, हे वर्णन करणाऱ्याने पाहिलेलंच नसतं. भातखंडे पद्धतीतला कंसातला (प) मात्र नीट लिहिता येतो, कारण त्याचा अर्थ ठरलेला आहे: ध प म प, एका मात्रेत. बाईंच्या हस्ताक्षरातला दाब, खोडून परत लिहिलेला स्वर, समासातली बारीक टीप, हे कुणी सांगितलं तरच उरतं. मैत्रिणीने ‘शेवटचा सा पुसट आहे’ इतकं लिहिलं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. तिने तो ठळक सा म्हणून लिहिला असता तर मी तो तसाच गायले असते, आणि तिथे कदाचित रे असेल ही शंका कुणालाच आली नसती.

तेव्हा नोटेशनच्या पानाचा फोटो कुणाला पाठवाल तेव्हा खाली एक ओळ तरी लिहा, आणि त्या ओळीत आधी पद्धत लिहा: भातखंडे की पलुस्कर. मग पहिली मात्रा कोणती ते लिहा, आकड्यात. खूण दिसली तर तिचं नाव सांगू नका, आकार सांगा. अधिक असेल तर अधिक म्हणा. माझ्या पानावरची आठवी मात्रा अजून प्रश्नचिन्हातच आहे.